नोकरी शोधताय, पण साहेबांच्या नजरेला नजर देववत नाही?



या चॅनलवर मी बहुतेक वेळा मालकांशी बोलतो. माणसं कशी घ्यायची, कशी टिकवायची, पगार कसा ठरवायचा वगैरे. आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाशी बोलायचंय. म्हणजे तुम्ही, जे दहा-वीस-पंचवीस माणसांच्या फर्ममध्ये काम करता, गेले दोन-तीन महिने गुपचूप दुसरीकडे नोकरी बघताय, आणि सकाळी साहेबांनी नुसतं "चहा झाला का रे?" विचारलं तरी तुमच्या पोटात गोळा येतो.

मोठ्या कंपनीतल्या माणसाला हे तितकंसं कळणार नाही. तिथे राजीनामा पोर्टलवर टाकायचा, एचआरचा फोन येतो, लॅपटॉप आणि आयकार्ड जमा केलं की विषय संपला. छोट्या फर्ममध्ये तुम्ही कंपनी सोडत नसता, एका माणसाला सोडून जात असता. त्या माणसाने तुमच्या लग्नात आहेर दिलेला असतो, त्याच्या मुलीच्या बारशाला तुम्ही पंगत वाढलेली असते. त्यामुळे इथे जे टोचतं ते खरं आहे, "प्रोफेशनल व्हा, भावना बाजूला ठेवा" असलं काही मी सांगणार नाही.

पण माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक लोक चुकीच्या गोष्टीसाठी स्वतःला खातात. नोकरी शोधणं ही गद्दारी नाही. तुम्ही तुमचे दिवसाचे आठ-दहा तास विकले आहेत, पुढची वीस वर्षं विकलेली नाहीत. खरं देणं वेगळीकडे असतं, आणि तिकडे कुणी बघत नाही. हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एक केस सविस्तर सांगतो.

माझ्या एका बॅचनंतर एक जण मागे थांबला होता. भोसरी एमआयडीसीत २२ माणसांचं फॅब्रिकेशन युनिट, तिथे हा नऊ वर्षं. नावाला अकाउंटंट, पण टॅली, जीएसटी, पीएफ, कामगारांचा पगार, डिस्पॅचची ई-वे बिलं, सगळं याच्याच गळ्यात. पगार ३१ हजार. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत ४४ हजारांचं बोलणं चालू होतं. दोन मुलं, भाड्याचं घर. म्हणजे जायचं कारण अगदी सरळ होतं. तरी रात्री झोप नाही, ॲसिडिटी, बायकोवर चिडचिड. मी विचारलं, नक्की काय टोचतंय? बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, वडिलांची बायपास झाली तेव्हा साहेबांनी रात्री साडेअकराला हॉस्पिटलमध्ये येऊन एक लाख वीस हजार दिले. कागद नाही, सही नाही. अजून तीस हजार फिटायचेत. आणि मी इकडे इंटरव्ह्यू देतोय."

बघा, हे आहे खरं दुखणं. नोकरी शोधण्याचं नाही, उचलीचं.

आधी स्वतःचं लेजर उघडा

मी त्याला म्हटलं, तू अकाउंटंट आहेस ना, मग हिशेब मांडू. उचल १,२०,००० रुपये. दर महिन्याच्या पगारातून ५,००० कापले जातात, असे अठरा हप्ते झाले. फिटले ९०,०००, राहिले ३०,०००. ही झाली एक बाजू.

आता दुसरी बाजू. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षं काम केलेल्या माणसाला नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, स्वतःहून राजीनामा दिला तरीसुद्धा. हिशेब असा असतो: शेवटचा पगार, पण ग्रॅच्युइटीसाठी जेवढा धरला जातो तेवढाच, म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. याचा तो आकडा होता १८,२००. भागिले २६ म्हणजे ७०० रुपये रोज. गुणिले १५ म्हणजे १०,५००. गुणिले नऊ वर्षं म्हणजे ९४,५००.

तो माझ्या कागदाकडे बघतच राहिला. नऊ वर्षं दुसऱ्याचं लेजर लिहिणाऱ्या माणसाने स्वतःचं खातं एकदाही काढून बघितलं नव्हतं. त्याच्या डोक्यात तो देणेकरी होता. कागदावर बघितलं तर फर्मकडूनच त्याचं ६४,५०० येणं होतं.

याचा अर्थ साहेबांचे उपकार फिटले का? अजिबात नाही. रात्री साडेअकराला कुणीतरी आपल्यासाठी धावून आलं, त्याला आकडा लावता येत नाही. पण म्हणूनच ते उपकार कमी पगारात आणखी पाच वर्षं राहूनही फिटणार नाहीत. पैसे पैशाने फेडा. माणुसकी माणुसकीने फेडायची, त्यांच्या घरी अडचण आली तर तुम्हीही रात्री साडेअकराला जा. या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली की माणूस वर्षानुवर्षं अडकतो. आणि खरं सांगू का, काही मालकांना ही गाठ सोयीचीही असते.

(जाता जाता एक. तुमची पाच वर्षं पुरी व्हायला तीन-चार महिने उरले असतील, तर तेवढं थांबायचं. अशा वेळी घाईने राजीनामा देऊन हक्काचे पैसे सोडणारे खूप आहेत.)

उचलीशिवाय दुसरं काही लिहून दिलं आहे का, तेही बघा. नेमणूकपत्र काढा. "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात दुसरीकडे काम करणार नाही" अशी ओळ असेल तर फार घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी अट सहसा कोर्टात टिकत नाही. पण "तीन वर्षं राहीन, नाहीतर अमुक रक्कम भरीन" असा बाँड असेल तर तो वेगळा विषय. एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून दोन लाख रुपये भरले होते आणि नंतर ते परत मागितले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने दिला. तेव्हा सही कशावर केली आहे ते शोध सुरू करण्याआधी वाचा, ऑफर हातात आल्यावर नको.

खोटं बोलल्याचा ताण

आता दुसरी गोष्ट. या माणसाने तीन इंटरव्ह्यूंना तीन वेळा "दाताच्या डॉक्टरकडे जायचंय" असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी साहेबांच्या मिसेसनी फोन करून त्यांच्या ओळखीच्या डेंटिस्टचा नंबर दिला आणि म्हणाल्या, "माझं नाव सांग, पैसे कमी घेतील." तो म्हणाला, त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हसू नका, तुमच्यातल्या अनेकांचं हेच चाललंय. गुपचूप शोधण्याचा निम्म्याहून जास्त ताण शोधण्याचा नसतोच, रचलेली गोष्ट लक्षात ठेवण्याचा असतो. काल काय सांगितलं, कुणाला सांगितलं, आज चेहरा तसा ठेवायचा. गुप्त ठेवणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे आणि तो फरक पाळता येतो. कारण सांगूच नका. "साहेब, गुरुवारनंतर एक अर्धा दिवस हवाय, वैयक्तिक काम आहे, डिस्पॅच आधी उरकून जातो." बस. कुणी खोदून विचारलं तर "घरचं आहे, झालं की सांगतो." यात एकही शब्द खोटा नाही. पगारवाढीसाठी नोकरी बदलणं हे घरचंच काम आहे.

रजा कमी लागेल असंही बघता येतं. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच युनिट्सना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. ज्या कंपनीत जायचंय तिचं ऑफिस रविवारी बंद असेल तर तुमचा गुरुवार हा त्यांचा कामाचा दिवस. या माणसाला हे सुचलंच नव्हतं, कारण गुरुवार म्हणजे भाजी आणि मुलांचा अभ्यास. पुढचे दोन्ही राउंड त्याने गुरुवारी मागून घेतले. "सध्या नोकरीत आहे, गुरुवारी किंवा सकाळी नऊच्या आत जमेल" असं सांगितलं की चांगली कंपनी ऐकते. नोकरीत असताना मालकाचा वेळ खर्च न करणारा माणूस त्यांनाही हवाच असतो.

इथे मात्र मी मालकाच्या बाजूने कडक आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बायोडाटा टाइप करणं, ऑफिसच्या प्रिंटरवर काढणं, कामाच्या वेळेत गोडाऊनमध्ये जाऊन कन्सल्टंटशी बोलणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पार्टीची यादी किंवा रेट स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेणं, यासाठी वाटणारा अपराधीपणा योग्य आहे. तो घालवायचा एकच उपाय, ते करू नका.

बातमी फुटते कुठून?

सगळे लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमला घाबरतात. त्यांची काळजी घ्याच. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवायची सोय आहे. लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवता येतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी आम्ही देत नाही असं ती कंपनी स्वतःच सांगते. त्यामुळे फोटोभोवतीची ती हिरवी पट्टी तर लावूच नका.

पण भोसरीत बातमी लिंक्डइनवरून फुटत नाही. ती फुटते प्लेसमेंट कन्सल्टंटकडून, जो तुमच्याच साहेबांना वेल्डर आणि हेल्पर पुरवतो. ती फुटते नव्या कंपनीच्या परचेसवाल्याकडून, जो तुमच्या फर्मकडून माल घेतो आणि सहज म्हणून फोन करतो, "तुमचा तो अकाउंटवाला कसा आहे हो?" म्हणून बायोडाटा पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा: ही कंपनी आपल्या फर्मची गिऱ्हाईक किंवा सप्लायर आहे का, आणि हा कन्सल्टंट आपल्या साहेबांना ओळखतो का? उत्तर "हो" असेल तर तिथे जाऊच नका असं नाही, पण पहिल्याच मेलमध्ये लिहा की सध्याच्या मालकांशी संपर्क राजीनामा दिल्यानंतरच करावा. कंपन्यांच्या अर्जात बहुधा "सध्याच्या कंपनीशी बोलू का?" असा रकाना असतो. तिथे "आत्ता नाही" असं स्पष्ट लिहायचं. चौकशीसाठी आधीच्या नोकरीतल्या एखाद्याचं नाव द्या.

कागदपत्रांचंही तसंच. नवीन कंपनी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागते आणि छोट्या फर्ममध्ये स्लिप द्यायची पद्धतच नसते. एकदम "साहेब, स्लिप हवी होती" म्हटलं की साहेब वर बघतात. तिथे बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक कामाला येतं. पासबुकात फर्मचं नाव, महिना आणि भरलेली रक्कम असते, आणि ते तुमच्या यूएएनवरून घरी बसून काढता येतं.

साहेबांना आधीच सांगून टाकायचं का?

माझे काही ट्रेनर मित्र म्हणतात, पारदर्शक राहा, शोध सुरू करतानाच सांगा. ऐकायला छान वाटतं. छोट्या फर्ममध्ये मी हा सल्ला देणार नाही. शोधाला सहा महिने लागू शकतात, कदाचित काहीच जमणार नाही. तेवढ्या काळात तुम्ही "जाणारा माणूस" होता. दिवाळीला वाढ थांबते, बँकेची कामं दुसऱ्याकडे जातात, नवा पोरगा शेजारच्या खुर्चीवर येतो. आणि एवढं होऊन तुम्ही राहिलात तर दोघांनाही अवघड.

पण त्याआधीची एक पायरी आहे आणि ती चुकवायची नाही. जे हवंय ते एकदा स्पष्ट मागा. या माणसाला मी विचारलं, पगार मागितलास का? म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, महागाई खूप झालीय साहेब." अहो, हे मागणं झालं का? याला हवापाण्याच्या गप्पा म्हणतात. मग तो गेला आणि आकड्यात बोलला: "मला ३१ मिळतात, घर ४० शिवाय चालत नाही. पुढच्या सहा महिन्यांत काय करता येईल?" साहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "३४ च्या वर माझी ताकद नाही रे." झालं. कुणी वाईट नाही, पण उत्तर मिळालं. त्यानंतर त्याचा शोध चालू राहिला, मात्र झोप यायला लागली. विचारून, उत्तर ऐकून मग शोधणं आणि न विचारता शोधणं यात मनाला फार फरक पडतो.

खरं देणं

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही गेल्यावर फर्म ज्याच्यामुळे अडेल, ते तुमचं खरं देणं. आणि ते शोध चालू असतानाच फेडायला सुरुवात करता येते, कुणाला काही न सांगता.

या माणसाच्या बाबतीत ते काय होतं? जीएसटी पोर्टलचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर यायचा. पीएफच्या एम्प्लॉयर लॉगिनचंही तेच. ई-वे बिलाचा पासवर्ड फक्त त्याच्या डोक्यात. हा नऊ वर्षांच्या विश्वासाचा परिणाम, पण ज्या दिवशी तो गेटबाहेर पडेल त्या दिवशी फर्मचा माल अडकेल. मला विचाराल तर त्याच्या पोटातल्या गोळ्याचं हे सगळ्यात प्रामाणिक कारण होतं, फक्त त्याला ते ओळखता आलं नव्हतं.

त्याने दोन महिन्यांत एकेक गोष्ट बदलली. साहेबांना म्हणाला, "मी आजारी पडलो तर धंदा थांबेल, नंबर तुमचा लावू." पोर्टलवर मालकाचा मोबाइल आणि ईमेल लावला. एका वहीत महिन्याचा क्रम लिहिला: सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला जीएसटीआर-३बी. कुठल्या पार्टीचं पेमेंट कितव्या फोनला येतं, कुठला सप्लायर बिलात एचएसएन कोड चुकवतो, हेही लिहिलं. हे शेवटचं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही.

मालक मंडळी, हा लेख तुम्हीही वाचताय हे मला माहीत आहे, आणि "सर आमची माणसं पळवायला शिकवताय का" असं मनात येत असेल. तुमच्या पोर्टलचा ओटीपी आज कुणाच्या मोबाइलवर येतो ते आधी बघा, मग आपण बोलू.

सांगायचा दिवस

ऑफर लेटर हातात, त्यावर पगार, हुद्दा आणि जॉइनिंगची तारीख लिहिलेली, आणि तुम्ही ते स्वीकारल्याची पोच. हे होईपर्यंत राजीनाम्याचा शब्द नाही. "आमच्याकडून कन्फर्म समजा" हा फोन म्हणजे ऑफर नव्हे.

मग सांगायचं, आणि सगळ्यात आधी साहेबांनाच. शेजारच्या टेबलाला नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. त्याचा नोटीस पीरियड ३० दिवसांचा होता. मी म्हटलं, वीस तारखेचं रिटर्न भर आणि एकवीसला सांग, म्हणजे पुढच्या तीस दिवसांत एक पूर्ण महिना नव्या माणसाकडून करून घेता येईल. मार्च अखेर आणि दिवाळीच्या बोनसचा आठवडा टाळायचा.

बोलताना जुनी गाऱ्हाणी काढू नका आणि माफीही मागत बसू नका. त्याने एवढंच सांगितलं: "साहेब, मला चाकणला ४४ वर नोकरी मिळालीय, मी जायचं ठरवलंय. उचलीचे तीस हजार राहिलेत, ते हिशेबात वळते करायला मी लिहून देतो. ग्रॅच्युइटीचा हिशेबही करून आणलाय, एकदा बघून घ्या. महिनाभर मी आहे."

ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, आणि छोट्या मालकाने त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले नसण्याची शक्यता जास्त. म्हणून तो विषय पहिल्या दिवशीच काढलेला बरा, शेवटच्या दिवशी काढला की भांडण होतं.

साहेब चिडले. "तुला घरचा समजलो होतो," असं म्हणाले आणि दोन दिवस बोलले नाहीत. हे होणार असं धरूनच चालायचं. त्या दोन दिवसांत खुलासे देत फिरायचं नाही, काम करत राहायचं. दुसरा धोका असा असतो की साहेब चिडत नाहीत, एकदम ४० देतो म्हणतात. त्या वेळी स्वतःला विचारा, महिन्यापूर्वी मागितले तेव्हा ३४ ची ताकद होती, मग हे सहा हजार कुठून आले आणि किती महिने टिकतील?

तिसऱ्या दिवशी साहेब त्याच्या टेबलाजवळ आले, ती वही उचलली, उभ्या उभ्या चार पानं चाळली. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे ३बी चं मला एकदा नीट समजावून सांग."